तुम्ही विचारलंत म्हणून: साडेसहा ते साडेआठ

"मॅडम, अभ्यासाच्या वेळात मुलाचा फोन बंद ठेवला तर क्लासचा होमवर्क कळत नाही, चालू ठेवला तर टिंग टिंग थांबत नाही. मग लावायचं तरी काय?"

कर्वेनगरात मी आठवी ते दहावीचे गणिताचे क्लास घेते, त्यामुळे या टिंग टिंगमध्ये माझाही वाटा असतो.

बहुतेक पालक फॅमिली लिंक, म्हणजे मुलाच्या अँड्रॉइड फोनवर बंधनं घालायचं गूगलचं अ‍ॅप, उघडतात आणि त्यातलं Downtime लावून मोकळे होतात. ते खरं तर रात्रीसाठी बरं. ते सुरू झालं की फोनला कुलूप लागतं, आलेला कॉल तेवढा घेता येतो आणि नोटिफिकेशन दिसत नाहीत. पण अभ्यास म्हटला की मुलाला डिक्शनरी हवी असते, धड्याची पीडीएफ हवी असते. आठवीतल्या एका मुलाच्या घरी हेच चाललं होतं. साडेसहाला फोन बंद झाला की तो आजीच्या फोनवरून आईला गाठायचा, "जरा उघडून दे ना." आई हिंजवडीहून निघून वाकडच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेली. ती वैतागून कुलूप काढायची, आणि डिक्शनरीबरोबर सगळंच उघडायचं.

त्यांना मी रात्रीचं Downtime तसंच ठेवायला सांगितलं आणि अभ्यासासाठी School time लावायला लावलं. हे फॅमिली लिंकमध्ये Screen time खाली असतं. जुन्या फोनवर ते मिळेलच असं नाही. त्यात वार आणि वेळ टाकायची आणि त्या वेळात कुठली अ‍ॅप चालू राहतील ते निवडायचं. बाकीची अ‍ॅप उघडत नाहीत, नोटिफिकेशनही गप्प राहतात. त्या मुलाला डिक्शनरी, पीडीएफचं अ‍ॅप आणि घड्याळ एवढंच ठेवलं. कॅल्क्युलेटर आईला ठेवायचा होता, मी नको म्हटलं. आठवीला वर्गमूळ हातानेच काढायचं.

प्रश्न राहिला व्हॉट्सअ‍ॅपचा. पालक विचारतात, "तुमचा ग्रुप तेवढा चालू ठेवता येईल का?" नाही येणार. फॅमिली लिंकला व्हॉट्सअ‍ॅप हे एक अख्खं अ‍ॅप म्हणून दिसतं, त्याच्या आतले ग्रुप त्याला वेगळे करता येत नाहीत. ते चालू ठेवलंत की माझ्या होमवर्कबरोबर मित्रांच्या ग्रुपचे क्रिकेटचे मीमही आत आलेच. व्हॉट्सअ‍ॅपच्या आत जाऊन बाकीचे ग्रुप म्यूट करता येतात, पण ती चावी मुलाच्याच हातात राहते. शिवाय म्यूट केलेल्या ग्रुपमध्ये कुणी त्याच्या नावाने हाक मारली की नोटिफिकेशन येतंच, आणि मुलांना ते पक्कं ठाऊक असतं.

म्हणून मी होमवर्क सहाच्या आत, एकाच मेसेजमध्ये टाकते. मुलाने तो वहीत उतरवून घ्यायचा आणि फोन ठेवून द्यायचा. शंका असेल तर दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये विचारायची. तुमच्या मुलाच्या क्लासचे सर रात्री आठला होमवर्क टाकत असतील, तर तो तुमच्या नंबरवर मागून घ्या. सेटिंग बदलण्यापेक्षा सरांना सांगणं सोपं पडतं.

एवढं करूनही एका संध्याकाळी सव्वासातला त्याच मुलाचा हसरा चेहरा ग्रुपवर आला. फोन तर School time मध्ये. मी आईला विचारलं, घरी लॅपटॉप कुणाचा आहे? बाबांच्या लॅपटॉपवर व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडं होतं. फॅमिली लिंकचं बंधन मुलाच्या फोनवर असतं, बाबांच्या लॅपटॉपवर नाही. आणि एकदा जोडलेला लॅपटॉप फोनच्या मदतीशिवाय चालतो. फोन न वापरता 14 दिवस गेले तरच तो आपोआप तुटतो. मुलाच्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅपमध्ये Linked devices उघडलं की काय काय जोडलंय ते दिसतं, तिथूनच लॉग आउट करायचं. फोनचा वापर शून्य दिसतोय आणि मुलाचे रिप्लाय मात्र जाताहेत, असं दिसलं की आधी हे बघा.

आयफोनवाल्यांसाठी थोडं वेगळं. तिथे फोनच्या सेटिंगमधल्या स्क्रीन टाइममध्ये Downtime हेच अभ्यासालाही वापरता येतं, कारण Always Allowed मध्ये टाकलेली अ‍ॅप आणि फोन कॉल चालू राहतात. पण Block at Downtime चालू केलं नाही, तर मुलाला Ignore Limit असा पर्याय दिसतो आणि तो दाबून तो पुढे जातो. स्क्रीन टाइमचा पासकोड वेगळा ठेवा. फोन उघडायचा जो आहे तोच इथे देऊ नका, तो मुलाला आधीच माहीत असतो.

अजून एक. साडेआठला दोन तासांचं साचलेलं एकदम कोसळतं, आणि मुलगा जेवायच्या ताटावर फोन घेऊन बसतो. त्या मुलाच्या घरी म्हणून आता School time नऊपर्यंत वाढवलंय. शेवटच्या अर्ध्या तासात अभ्यास नसतो, जेवण असतं.