पट्टा बांधण्याआधी बोलून घ्या

दवाखान्यात घाबरलेली माणसं दोन प्रकारची. काही एकदम गप्प होतात, काही बोलत सुटतात. कोकणात दुसऱ्या प्रकारची जास्त, असं माझं मत. एसटीत शेजारी बसलेल्याचं गाव, आडनाव आणि सोयरीक कणकवली यायच्या आत काढून घेणारी माणसं आम्ही. मनगट धरणाऱ्या सिस्टरला कोण सोडणार?

आमची काकू तर त्यात पटाईत. ऐन आषाढात तिला घेऊन देवगडच्या बाजूच्या एका दवाखान्यात गेलो होतो. आत शिरल्या शिरल्या तिने विचारलं, "सिस्टर, तुमचा गाव खंयचा?" सिस्टर सांगलीकडच्या निघाल्या. "मगे हंयचो पाऊस सोसता काय तुमका?" सिस्टर हसल्या, कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत म्हणाल्या. मी असतो तर "आज गर्दी आहे ना?" एवढंच सुचलं असतं आणि त्यावर "हो" आलं असतं. काकूच्या प्रश्नाला उत्तर सोपं, हातातलं काम न थांबवता देता येणारं, आणि आजाराचा त्यात उल्लेख नाही. "आमच्या शेजाऱ्याला असंच झालं नि तो गेला" या सुरुवातीपेक्षा पाऊस कधीही बरा.

गडबड झाली ती पुढे. दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, तरी काकूचं चालूच. आकडा आला १६४ वर ९४. डॉक्टरांनी यंत्राकडे न बघता काकूकडे बघितलं. "मावशी, बोलत होतात ना? आणि पायावर पाय?"

ब्लडप्रेशर मोजताना नुसतं बोललं तरी वरचा आकडा दहाच्या आसपास चढू शकतो. पायावर पाय, तुंबलेली लघवी, नुकताच प्यालेला चहा हेही आपापली भर घालतात. त्यात पांढऱ्या कोटाची धास्ती असतेच. काहींचं प्रेशर फक्त दवाखान्यातच वाढतं, घरी ठीक असतं. म्हणून मोजण्याआधी पाच मिनिटं निवांत बसायचं, पाठ खुर्चीला टेकलेली, पावलं जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला. आणि तोंड बंद. काकूला त्यातलं शेवटचं सगळ्यात जड गेलं, पण पुन्हा मोजलं तेव्हा १४८ वर ८८ आलं.

हेही दवाखान्यातल्या १४० वर ९० या मर्यादेच्या वरच. पण लगेच गोळी न देता डॉक्टरांनी आठवडाभर घरी सकाळ-संध्याकाळ मोजून लिहून आणायला सांगितलं. घरच्या आकड्यांची मर्यादा थोडी खाली, १३५ वर ८५. घरी ठीक निघालं तरी अधूनमधून तपासत राहायचं, कारण अशा लोकांपैकी काहींचं पुढे खरोखरच वाढतं.

पट्टा सुटल्यावर मात्र डॉक्टरांनीच विषय काढला. "आता मासेमारी बंद, मग जेवणाला काय करता?" काकूची कळी खुलली. मिरगाआधी भरलेले खारे बांगडे, सुकट, जोडीला लोणचं नि पापड, कशाची चव कशी ते तिने रंगवून सांगितलं. डॉक्टर मान डोलावत लिहीत होते. मला वाटलं, काय रसिक माणूस! मीठ किती खाता असं सरळ विचारलं असतं, तर काकूच काय, कुणीही "बेताचाच" म्हणालं असतं. एकतीस जुलैपर्यंतची मासेमारी बंदी डॉक्टरांच्या अशी कामाला आली.

सुईचं गणित उलटं आहे. रक्त काढताना किंवा इंजेक्शन घेताना बोलत राहिलेलंच चांगलं, लक्ष सुईवरून हटतं. सिस्टर मुद्दाम काहीबाही विचारतात ते त्यासाठीच. पण त्यांचा एक कान उत्तरावर असतो. माझा मामेभाऊ वादळात सुकाणू धरणारा माणूस, सुई दिसली की पांढरा पडतो. त्याचं प्रेशर चढत नाही, उलट कोसळतं. नाडी मंदावते, घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. एकदा सिस्टरांनी त्याला विचारलं, "होडी ओढलीत का वर?" तो "होय, ती..." म्हणाला आणि थांबला. सिस्टरांनी तिथल्या तिथे सुई काढली, कापूस दाबला, त्याला आडवं करून पाय उशीवर उंच ठेवले. अशा माणसाने गाव-पाऊस नंतर, आधी "मला सुईने चक्कर येते" हेच सांगावं, म्हणजे पहिल्यापासून झोपवूनच रक्त काढतात.

थोड्या वेळाने त्याने डोळे उघडले, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाला, "ती नाय. धाकटी होडी अजून पाण्यात आसा."