भारत-ब्राझील लोकसंख्येचा धडा एका पानावर आणताना

दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझील शेजारी ठेवून शिकवायचे असतात. त्यातला लोकसंख्येचा धडा मुलांना जड जातो, कारण नकाशे, तक्ते आणि आलेख पानोपानी विखुरलेले असतात. उजळणीसाठी तो सगळा एका ए-फोर पानावर आणायचं मी ठरवलं आणि त्यात माझे तीन रविवार गेले.

कागद हातात घेण्याआधी मी एक वाक्य लिहिलं: ‘भारतात माणसं बहुतेक सगळीकडे दाट आहेत, ब्राझीलमध्ये ती पूर्व आणि आग्नेय किनाऱ्याकडे गोळा झाली आहेत.’ या वाक्याला जे आधार देत नाही ते पानावर घ्यायचं नाही, असं ठरवलं. त्यामुळे साक्षरता, लिंग गुणोत्तर आणि वयोगटाचे मनोरे बाहेर गेले. मनोऱ्यांसाठी जीव तुटला, पण त्यांना वेगळं पान हवं.

पहिला अडथळा आकड्यांचा आला. 2011 च्या जनगणनेत भारताची लोकसंख्या सुमारे 121 कोटी आणि क्षेत्रफळ 32.87 लाख चौरस किलोमीटर. भागाकार केला तर घनता 368 येते, पण छापलेली घनता 382 असते. मी दोनदा पडताळून पाहिलं. मग उलगडा झाला, की पाकिस्तान आणि चीनने व्यापलेल्या जम्मू-काश्मीरच्या भागात जनगणना होत नाही, म्हणून घनता काढताना ते सुमारे 1.21 लाख चौरस किलोमीटर वजा करतात. क्षेत्रफळ, लोकसंख्या आणि घनता एकाच चौकटीत लिहिली, तर भागाकार करून पाहणारं मूल नक्की अडणार. म्हणून खाली त्याची एक ओळ टाकली. ब्राझीलचा हिशोब सरळ आहे: 2010 मध्ये सुमारे 19 कोटी माणसं, 85.15 लाख चौरस किलोमीटर, म्हणजे घनता 22 च्या आसपास.

खरी चूक नकाशात झाली. मी दोन्ही देशांचे क्षेत्रघनी नकाशे काढले आणि प्रत्येकासाठी त्याच्या आकड्यांना साजेसे वर्ग पाडले. भारतात सगळ्यात गडद छटा 800 च्या वर, ब्राझीलमध्ये 100 च्या वर. कच्चं पान वर्गात दाखवलं तेव्हा एका मुलीने विचारलं, “मॅडम, बिहार आणि साओ पावलो सारखेच दाट आहेत का?” बिहारची घनता 1,106, साओ पावलो राज्याची 166. छटा मात्र एकच! वर्ग वेगळे आहेत हे सूचीत लिहिलं होतं, पण शेजारी ठेवलेले दोन नकाशे मूल एकाच नजरेने पाहतं. सूची वाचायची वेळ येण्याआधी रंगाने उत्तर दिलेलं असतं.

घरी येऊन दोघांसाठी एकच सूची केली: 25 पेक्षा कमी, 25 ते 100, 100 ते 400 आणि 400 च्या वर. आता ब्राझीलचा बहुतेक भाग फिका पडला. अ‍ॅमेझोनास राज्याची घनता जेमतेम 2, तिथलं घनदाट वर्षावन त्या फिक्या छटेत आपोआप बोलू लागलं. सगळ्यात गडद छटा तिथे फक्त ब्राझीलियाच्या छोट्याशा संघीय जिल्ह्याला मिळाली. भारतात अरुणाचलसारखी मोजकी ठिकाणं सोडली तर फिकं काही उरलंच नाही. या सूचीचाही एक तोटा आहे: उत्तर प्रदेश (829) आणि बिहार यांच्यातला फरक तिच्यात दिसत नाही. तो मी सोडून दिला, कारण माझं वाक्य दोन देशांच्या तुलनेचं होतं.

नकाशांचं प्रमाणही सारखं करावं लागलं. 1 सेंटिमीटरला 500 किलोमीटर धरलं, तर भारत उत्तर-दक्षिण साडेसहा सेंटिमीटरच्या आत बसतो आणि ब्राझील पावणेनऊच्या आसपास. आडव्या अंगाने दोन्ही शेजारी मावतात. आधी मी दोन्ही सारख्याच आकाराचे काढले होते, त्यात अडीच पटींहून मोठा ब्राझील भारताएवढा दिसत होता.

एकूण लोकसंख्येसाठी वर्तुळं काढली. 121 आणि 19 यांत सहा पटींहून थोडा जास्त फरक आहे. पण व्यास सहा पट केला, तर क्षेत्र छत्तीस पट होतं आणि डोळा क्षेत्रच मोजतो. म्हणून वर्गमूळ घ्यायचं, साधारण अडीच. ब्राझीलचं वर्तुळ 2 सेंटिमीटर व्यासाचं, भारताचं 5 चं.

झेरॉक्स काढल्यावर शेवटचा धक्का बसला. मी हिरवा, पिवळा, केशरी, लाल असे रंग वापरले होते. काळ्या-पांढऱ्या प्रतीत हिरवा आणि लाल एकाच करड्या छटेत उतरले. सगळं पुसून एकाच तपकिरी पेन्सिलीच्या चार छटा दिल्या, फिक्यापासून गडदकडे, आणि चार रुपयांची एक चाचणी प्रत काढून पाहिली. चारही छटा ओळखू आल्या.

पान वाटलं त्या दिवशी मागच्या बाकावरच्या मुलाने महाराष्ट्रावर बोट ठेवलं आणि दुसरं बोट रिओ दी जानेरो राज्यावर. “दोन्ही एकाच छटेत आहेत, मॅडम.” मी दोन्ही आकडे फळ्यावर लिहिले: महाराष्ट्र 365, रिओ 365.