खालच्या मजल्यावरून ऐकलेला ड्रम

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका इमारतीत चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या माझ्या अकरा वर्षांच्या विद्यार्थ्याला वडिलांनी इलेक्ट्रॉनिक ड्रम किट घेऊन दिला होता. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून खरा अकूस्टिक किट त्यांनी टाळला, आणि ते योग्यच होते, कारण वाजवणाऱ्याच्या कानाशी तो सहज 100 डेसिबलच्या वर जातो आणि फ्लॅटच्या भिंती, दारे, खिडक्या तो आवाज अडवू शकत नाहीत. तरीही आठवड्याभरात तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंची तक्रार आली. मुलगा तर हेडफोन लावून वाजवत होता, त्यामुळे काकूंना भास होत असावा असे वडिलांचे मत होते.

मी काकूंच्या स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो आणि फोनवरून मुलाला आधी फक्त हातांनी वाजवायला सांगितले. पंखा चालू असताना मला काहीच ऐकू आले नाही. पंखा बंद केल्यावर पुसटशी टकटक आली. मग त्याने फक्त किकचे पेडल मारले, आणि छतातून धप्प, धप्प असा आवाज आला. मांडणीवरची ताटेसुद्धा किणकिणली. भास नव्हता तो! हेडफोनमुळे स्पीकरचा आवाज थांबतो. पेडलच्या दांड्याचा आणि पायाचा धक्का मात्र स्टँडमधून थेट स्लॅबमध्ये उतरतो, आणि तो गालिच्याने फारसा कमी होत नाही.

शेवटी तोच प्रयोग मी रबरी प्रॅक्टिस पॅड स्टँडवर ठेवून केला. वरच्या खोलीत टेबलावर बोट वाजवावे तेवढा आवाज होता, खाली काहीही नव्हते. पॅडला मर्यादा आहेतच. काठी रबरावरून हवी तशी उसळते, खऱ्या फ्लोअर टॉमवर तशी उसळत नाही, शिवाय पायाला काम मिळत नाही. परंतु नवशिक्याचे पहिले तीन महिने काठीची पकड, सिंगल आणि डबल स्ट्रोक आणि मेट्रोनोमवर 60 च्या लयीत स्थिर राहणे यांतच जातात. माझ्या मते त्यासाठी आधी पॅडच घ्यायला हवा होता. घाईचा खर्च झाला तो झाला.

किट परत करण्याऐवजी आम्ही त्याच्याखाली प्लायवूडचे दोन थर घातले, मध्ये टेनिस बॉल आणि ते घरंगळू नयेत म्हणून खालच्या थराला बॉलपेक्षा लहान भोके. वाजवणाऱ्याचे स्टूलही त्याच फळीवर आणले, नाहीतर पेडलची उंची बिघडते. पुन्हा खाली जाऊन ऐकले, तेव्हा ताटे शांत होती आणि धप्पचा नुसता पुसट ठोका उरला होता. तो पूर्ण जाणार नाही, हे मी काकूंना तिथेच सांगितले. त्यांनी दुपारी दोन ते चार ही झोपेची वेळ सोडून परवानगी दिली. अकूस्टिक किट तो आता आठवड्यातून एकदा माझ्या क्लासमध्ये वाजवतो.