विटलेल्या भिंतीला जुळणारा रंग

आमच्या सांगलीतल्या विश्रामबागच्या घरात हॉलची भिंत थेट जिन्याबरोबर वर चढत जाते. मधे कोपरा नाही, बीम नाही, एकच सलग भिंत. एसीची जागा बदलली तेव्हा त्याच भिंतीवर झिरी मारली गेली, ती सिमेंटनं बुजवली आणि वरून पुट्टी ओढली. हातभर लांब, चार-पाच बोटं रुंद असा पांढरा पट्टा बरोबर सोफ्याच्या वर.

रंगारी मामांनी बघितलं आणि म्हणाले, "वहिनी, कोपरा ते कोपरा मारून टाकू की. पुरानंतर ठिगळ कुणी मागतच न्हवतं, सगळे आख्ख्या भिंती रंगवून घेत होते." त्यांचं खरंच होतं. 2019 च्या महापुरानंतर गावभागातल्या कितीतरी घरांना दुसरा इलाजच नव्हता. पण आमच्याकडे कोपरा ते कोपरा म्हणजे जिन्यात परांची बांधून दोन मजल्यांची भिंत. हातभर पट्ट्यासाठी एवढा खर्च पटेना. मामांनी मान्य केलं, पण पुढं एक अट घातली: "मग घाई करायची न्हाई. रंग वाळल्याशिवाय त्याच्याबद्दल बोलायचंच न्हाई."

माळ्यावर जुना डबा होता. झाकणावर शेडचा नंबर आणि यंत्रानं छापलेली चिठ्ठी अजून वाचता येत होती. फिकट पिवळा, किंचित केशरीकडे झुकणारा. त्या नंबरावर दुकानदार आजही तोच रंग करून देईल, पण आमची भिंत आता तो रंग राहिलीच नव्हती. देवाचा मोठा फोटो उतरवला तर त्याच्यामागचा चौकोन झाकणावरच्या शेडशी जुळत होता, आणि फोटोच्या चौकटीबाहेर भिंत कितीतरी फिकी पडली होती. तीही सगळीकडे सारखी नाही. पश्चिमेच्या खिडकीजवळ जास्त, जिन्याकडे कमी.

मामा म्हणाले ते कारण मला नंतर पटत गेलं. गेरू किंवा पिवळ्या मातीतून येणारे, लोहाचे रंग उन्हात टिकतात. झळाळी देणारे पिवळे आणि लाल सेंद्रिय रंग मात्र आधी हरतात. म्हणजे भिंत विटते तेव्हा तिच्यातल्या मिश्रणातला एकच भाग जातो आणि बाकीचा राहतो. शिवाय वर्षानुवर्षांची धूळ आणि स्वयंपाकघराची वाफ थराला चिकटते, ती धुतली तरी पूर्ण जात नाही. म्हणून जुन्या शेडमध्ये नुसता पांढरा घालून फिका केला की रंग अगदी ताजातवाना दिसतो. जुन्या भिंतीत थोडी राखाडी झाक असते आणि ती पांढऱ्यानं येत नाही.

पहिलं काम भिंत धुण्याचं. पट्ट्याच्या आजूबाजूला सौम्य साबणाच्या पाण्यात पिळलेलं फडकं फिरवलं, मग साध्या पाण्याचं. फडकं करडं झालं आणि भिंत एका छटेनं उजळली. हे न करता रंग जुळवला असता तर मी मळाशी रंग जुळवत बसले असते, आणि पुढच्या दिवाळीला कुणी भिंत पुसली की पट्टा उघडा पडला असता. भिंत पूर्ण सुकायला रात्र दिली, कारण ओली भिंत गडद दिसते.

मग नमुना. स्विचबोर्डाच्या पट्टीखालून खवला काढायचा सल्ला बरेच जण देतात, कारण तिथलं खरवडलेलं दिसत नाही. पण त्या पट्टीखाली ऊन पोचलेलंच नसतं, तिथं मूळचा रंग जसाच्या तसा असतो. आम्हाला हवा होता तो आज दिसणारा रंग, तोही पट्ट्याला खेटून असलेला. मामांनी पट्ट्याच्या काठालाच, जिथं नाहीतरी रंग लावायचाच होता, पात्यानं चौकोन आखला आणि पत्रा आत सरकवून बोटाच्या दोन पेरांएवढा रंगाचा पापुद्रा उचलला. तुटका, चुरगळलेला तुकडा यंत्राला चालत नाही, सपाटच लागतो.

हरभट रोडला जाऊन दुकानात तो तुकडा यंत्राखाली धरला. यंत्र प्रकाश टाकून परत आलेला रंग मोजतं आणि जवळचं सूत्र काढून देतं. मी इमल्शन मागितलं तेव्हा दुकानदारानं विचारलं, मॅट की चमक असलेला? हा प्रश्न रंगाइतकाच महत्त्वाचा आहे. रंग अगदी तोच असला, पण चमक वेगळी असली तर पट्टा दिसतोच. आमची भिंत मंद चमकेची आहे, म्हणून तसंच इमल्शन घेतलं. यंत्रावर करून मिळणारा त्यांच्याकडचा सगळ्यात लहान डबा लिटरचा होता, तो घेतला. सोबत काळा आणि तांबडा ऑक्साइड स्टेनर घेतला आणि पांढऱ्या इमल्शनचा लहान डबा. यंत्राचा रंग जवळपास पोचवतो, शेवटचं अंतर हातानं काटायचं असतं.

जुळवणी मामांनी शिकवली ती अशी. पांढऱ्या जाड कार्डाचे तुकडे कापायचे. एका तुकड्यावर रंग लावायचा, तो तुकड्याच्या कडेपर्यंत भरून लावायचा, मधे पांढरी किनार ठेवायची नाही. किनार राहिली तर डोळा फसतो. दोन हात मारून कार्ड पूर्ण वाळू द्यायचं. इमल्शन ओलं असताना दुधाळ, फिकं दिसतं आणि वाळल्यावर एक छटा गडद होतं. डिस्टेंपरचं उलटं, तो वाळून फिका होतो, म्हणून डिस्टेंपरच्या भिंतीचा अंदाज इमल्शनवर चालत नाही. घाई असेल तर केस वाळवायचा ड्रायर फिरवला तरी चालतो, पण कार्ड कोमट असताना निकाल द्यायचा नाही. मग ते भिंतीला टेकवायचं आणि डोळे अर्धे मिटून बघायचं. कार्डाची कड कुठं संपते ते शोधावं लागलं की समजायचं, जवळ आलो.

यंत्राचा रंग जास्त पिवळा, जास्त जिवंत दिसत होता. त्याची झळाळी मोडायला काळा हवा. पण काळा स्टेनर थेट रंगात टाकायचा नाही, एक थेंबही खूप होतो. मामांनी दोन चमचे पांढऱ्या इमल्शनमध्ये काळ्याचा एक थेंब घोटून राखाडी केला. दोनशे मिलिलिटर रंग वेगळ्या भांड्यात काढला आणि त्यात ती राखाडी अर्धा अर्धा चमचा घालत गेले. प्रत्येक वेळी नवं कार्ड, मागं पेन्सिलीनं किती चमचे झाले ते. झळाळी मोडली खरी, पण कार्ड भिंतीशेजारी किंचित हिरवं दिसू लागलं.

"बघा, पिवळ्यात काळा पडला की हिरवट होतोच," मामा म्हणाले. मी म्हटलं, मग पिवळा वाढवू या का? तर ते हसले. पिवळा वाढवला तर पुन्हा झळाळी, मग पुन्हा काळा, ही फेरी संपतच नाही. हिरव्याचा उतारा लाल. तांबडा ऑक्साइडही आधी पांढऱ्यात घोटला, आणि त्याच्या पाव चमच्यानं हिरवी झाक गेली. पुढचा पाव चमचा घातला तर कार्ड गुलाबीकडे झुकलं, म्हणून ते फेकून आधीच्या कार्डावर परत आलो. प्रत्येक कार्डामागं आकडा असण्याचा फायदा तेव्हा कळला.

ते कार्ड मी भिंतीला टेप लावून दिवसभर ठेवलं. सकाळी दिवसाच्या उजेडात जुळलं, दुपारी उन्हाच्या तिरिपीत जुळलं, संध्याकाळी ट्यूबलाइट लावल्यावर मात्र केसभर फरक वाटला. दोन रंग वेगवेगळ्या मिश्रणांनी बनलेले असले की एका उजेडात जुळतात आणि दुसऱ्यात फाटतात. दोन्हीकडे पूर्ण जुळणी शक्य नसते. आमचा हॉल दिवसा वापरात, रात्री पाहुणे, म्हणून मधला मुद्दा ठरवून दिवसाच्या उजेडाला झुकतं माप दिलं.

लावताना मामांनी पुट्टी आधी 220 नंबरच्या पेपरनं घासली, काठांवर इतकी की बोटाला पायरी लागू नये. मग प्रायमर फक्त पुट्टीवर. पुट्टी तशीच ठेवली तर ती रंगातलं पाणी आणि चिकटवणारा भाग शोषून घेते आणि तेवढाच भाग निस्तेज पडतो. रंग जुळलेला असतानाही ठिगळ दिसायचं हे सगळ्यात नेहमीचं कारण आहे. प्रायमर वाळल्यावर लहान रोलर घेतला, कारण जुन्या भिंतीवर रोलरचीच खरखर होती. ब्रशच्या रेषा शेजारी असत्या तर दिव्याच्या तिरक्या उजेडात त्या लगेच कळल्या असत्या. पहिला हात पट्ट्यापुरता. दुसऱ्या हातासाठी रंगात थोडं पाणी, रोलर जवळजवळ सुका, आणि पट्ट्याच्या बाहेर चार बोटं असा फिरवला की कड विरत जाईल. अर्धवट वाळलेल्या जागी पुन्हा रोलर नेला तर थर खेचला जातो आणि खुणा पडतात, म्हणून एकदा सोडलेली जागा मामांनी परत छेडली नाही.

दुसऱ्या दिवशी सोफ्यावरून, दारातून, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून पट्टा दिसत नव्हता. जिन्याच्या चौथ्या पायरीवरून, संध्याकाळचं ऊन भिंतीला घासून येतं तेव्हा, किंचित वेगळी चमक दिसते. ती रंगाची नाही. जुन्या भिंतीची चमक हातांनी, फडक्यांनी घासून बदललेली असते आणि डब्यातला नवा थर तशी चमक देऊ शकत नाही. मामांनी आधीच सांगितलं होतं की तिथून बघाल तर दिसेल.

उरलेला रंग काचेच्या बरणीत काठोकाठ भरून ठेवलाय, वर रिकामी जागा राहिली की साय धरते. बरणीवर शेवटचं कार्ड चिकटवलंय, मागं चमच्यांचा हिशेब आणि तारीख. नवा पट्टा आता आपल्या गतीनं फिका पडेल आणि भिंत आपल्या. दोघांची गती सारखी असण्याचं कारण नाही. मामा म्हणतात, तीन-चार वर्षांत दोघं वेगळे दिसायला लागले तर तेव्हा परांची बांधू.