हिशेबाच्या सॉफ्टवेअरचे दोन प्लॅन आणि त्यांच्या किमती: माझा अनुभव

आमच्या कंपनीचे हिशेबाचे सॉफ्टवेअर वार्षिक वर्गणीवर विकले जाते. एकाच प्लॅनचे दोन प्लॅन करायचे ठरले, तेव्हा कोणती सोय खालच्या प्लॅनमध्ये ठेवायची, कोणती वरच्या आणि दोघांची किंमत किती लावायची, हे शोधण्याचे काम माझ्याकडे आले. ‘ई-इन्व्हॉइससाठी किती पैसे द्याल?’ असे ग्राहकाला थेट विचारले तर तो भाव पाडूनच सांगतो आणि ‘कोणत्या सोयी हव्यात?’ असे विचारले तर सगळ्याच हव्यात म्हणतो. म्हणून आम्ही कॉनजॉइंट अ‍ॅनॅलिसिसचा मार्ग धरला. यात उत्तर देणाऱ्यापुढे तीन पूर्ण प्लॅन किमतीसह ठेवतात आणि त्यांपैकी एक, किंवा ‘यांपैकी काहीच घेणार नाही’, एवढेच निवडायला सांगतात. दर प्रश्नात सोयींची आणि किमतीची जुळणी बदलते, त्यामुळे माणूस एका गोष्टीसाठी दुसरी कोणती सोडतो हे त्याच्या निवडींतून उलगडत जाते.

प्रश्नावलीत आम्ही चारच गोष्टी घेतल्या: ई-इन्व्हॉइस, बँक स्टेटमेंटचा वहीशी आपोआप मेळ, युजरची संख्या आणि किंमत. किंमत वर्षाला ३,००० ते १२,००० रुपयांच्या दरम्यान चार टप्प्यांत ठेवली. येथे एका बारीकशा मुद्द्यावर बराच खल झाला. किंमत १८ टक्के जीएसटी धरून दाखवायची की वगळून? नियमित नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला त्या कराचे क्रेडिट मिळते, कंपोझिशन योजनेतल्या दुकानदाराला मिळत नाही. म्हणजे तोच आकडा दोघांच्या खिशाला वेगवेगळा पडतो. अखेर प्रत्येक पर्यायाखाली ‘अधिक जीएसटी’ असे स्पष्ट लिहिले आणि कंपोझिशनवाल्यांचा निकाल वेगळा पाहिला. शिवाय वर्गणीचे पैसे देण्याचा निर्णय कोण घेतो, हे सुरुवातीलाच विचारून घेतले, कारण पुष्कळ दुकानांत सॉफ्टवेअर अकाउंटंट वापरतो, ते सुचवतात सी.ए. आणि पैसे मालक देतो.

उत्तरांवरून हायरार्किकल बेज पद्धतीने प्रत्येक व्यक्तीसाठी प्रत्येक सोयीचे गुण निघतात. ही पद्धत एका माणसाच्या मोजक्या उत्तरांना बाकीच्यांच्या कलाचा आधार देते. सोयीसाठी गोळाबेरीज आकडे सांगतो. किंमत १,००० रुपयांनी वाढली की ०.२ गुण कमी होत होते आणि ई-इन्व्हॉइसमुळे सरासरी ०.६ गुण वाढत होते. ०.६ ला ०.२ ने भागले की या सोयीची किंमत ३,००० रुपये येते आणि बैठकीत तोच आकडा सर्वांना आवडला. मात्र सरासरी बाजूला सारून एकेका व्यक्तीचे गुण मांडले, तेव्हा मध्ये जवळपास कोणीच नव्हते. एका टोकाला शून्याच्या आसपासचे होते, दुसऱ्या टोकाला १.२ च्या आसपासचे. कारण उघड होते: १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींहून अधिक उलाढाल असलेल्यांना इतर नोंदणीकृत व्यापाऱ्यांना केलेल्या विक्रीसाठी ई-इन्व्हॉइस बंधनकारक आहे आणि त्याखालच्यांना त्याचे काही सोयरसुतक नाही. एकाला ६,००० रुपये मोलाची वाटणारी गोष्ट दुसऱ्याला फुकटही नको होती. ३,००० रुपये मोजणारा ग्राहक फक्त सरासरीत होता. त्यामुळे ई-इन्व्हॉइस वरच्या प्लॅनमध्ये गेले. बँकेचा मेळ मात्र लहानमोठ्या सर्वांनाच थोडाथोडा हवा होता, म्हणून तो खालच्यातही ठेवला.

किंमत ठरवताना आम्ही सिम्युलेटर वापरला. त्यात प्रत्येक पर्यायाच्या एकूण गुणांचा e च्या घातात हिशेब करून त्याचा वाटा काढतात. ई-इन्व्हॉइस लागणाऱ्या ग्राहकाचे उदाहरण घेऊ. खालच्या प्लॅनच्या सोयींचे ०.६ गुण, वरच्याचे २.० आणि ‘काहीच नको’चे शून्य. खालचा ४,००० ला आणि वरचा ९,००० ला ठेवल्यास गुण अनुक्रमे −०.२ आणि ०.२ उरतात, अशा शंभर ग्राहकांपैकी २७ जण खालचा आणि ४० जण वरचा घेतात, उत्पन्न सुमारे ४ लाख ६९ हजार. वरचा ११,००० ला नेला, तर दोन्हीकडे ३१-३१ होतात आणि उत्पन्न ४ लाख ६६ हजारांच्या आसपास राहते. दोन हजार वाढवून गल्ल्यात काही पडत नाही, उलट पाच ग्राहक हातचे जातात आणि चारजण खालच्या प्लॅनवर उतरतात. विक्री विभागाचा ११,००० चा आग्रह या तक्त्यापुढे टिकला नाही.

दोन प्रश्न आम्ही गणितात न घेता राखून ठेवले होते, प्रत्येकाला एकसारखेच विचारलेले. त्यांतली प्रत्यक्ष निवड आणि सिम्युलेटरचा अंदाज जवळ आले, म्हणून दोन प्लॅनमधल्या तुलनेवर मी विसंबलो. शंभरातले ६७ जण खरोखर खरेदी करतील, यावर मात्र विसंबलो नाही. सर्वेक्षणात प्रत्येकाला दोन्ही प्लॅन समोर दिसतात आणि जुन्या सॉफ्टवेअरमधली खाती, शिल्लक आणि स्टॉक नव्यात आणण्याचा खटाटोप कोणालाच करावा लागत नाही. त्यामुळे विक्रीचे उद्दिष्ट आम्ही मागील वर्षाच्या नोंदींवरून वेगळे काढले आणि सिम्युलेटरमधून फक्त किमती उचलल्या: ४,००० आणि ९,०००, अधिक जीएसटी.