काकाची सही, आजोबांच्या हयातीतली

सासऱ्यांचं चार पानांचं मृत्युपत्र टेबलावर ठेवून त्या बाई म्हणाल्या, “वकीलसाब, रजिस्टर है. देवर की सही भी है.” त्यांच्या दृष्टीने विषय संपलेला होता. मला मात्र पहिल्या पानावरचा “वडिलोपार्जित मिळकत” हा शब्द वाचतानाच कळलं होतं की, हे कुणीतरी हिंदू कुटुंबाच्या जुन्या नमुन्यावरून नावं बदलून टंकलंय. मुस्लिम कायद्यात जन्माने हक्क मिळत नाही. आजोबांना जे कुठूनही मिळालं ते सगळं आजोबांचंच, आणि ते डोळे मिटेपर्यंत दुसऱ्या कुणाचा त्यात एक रुपयाही नसतो.

कुटुंब मराठवाड्यातलं, सुन्नी हनफी. आजोबांना दोन मुलगे आणि एक मुलगी. थोरला मुलगा वडिलांच्या आधी गेला. त्याच्यामागे बायको, म्हणजे याच बाई, एक मुलगा, एक मुलगी. नंतर आजोबाही गेले. आजी, धाकटा मुलगा आणि आत्या हयात. आकडे मी गोल करून देतो: राहतं घर ४५ लाखांचं, दोन दुकानं मिळून २४ लाखांची, बँकेत ६ लाख. त्यातून पतसंस्थेचं कर्ज, दफनविधीचा खर्च आणि आजीचा न दिलेला मेहर असे ३ लाख आधी वजा होतात. मेहर हे नवऱ्याच्या डोक्यावरचं कर्ज आहे, ही गोष्ट वाटणीच्या कागदात दहापैकी नऊ वेळा राहून जाते. उरले ७२ लाख.

मृत्युपत्र नसतं तर? शरियत कायदा, १९३७ मुळे वाटणी वैयक्तिक कायद्याने झाली असती: आजीला आठवा हिस्सा म्हणजे ९ लाख, उरलेल्या ६३ लाखांत मुलाला दोन आणि मुलीला एक या प्रमाणात ४२ आणि २१. नातवंडांना शून्य. जवळचा नातलग दूरच्याला बाद करतो, आणि जिवंत मुलगा मेलेल्या मुलाच्या मुलांपेक्षा एक पायरी जवळ. मेलेल्या बापाच्या जागी उभं राहून त्याचा हिस्सा घेण्याची सोय हिंदू वारसा कायद्यात आहे, इथे नाही. काका नसता, फक्त आत्या असती, तर नातू वारस ठरला असता. सून तर सासऱ्याची वारस कधीच नसते.

उलट्या दिशेने मात्र वारसा चालतो. थोरला गेला तेव्हा त्याच्या ६ लाखांच्या ठेवीतला सहावा हिस्सा, १ लाख, कायद्यानेच त्याच्या वडिलांकडे आला होता. बँकेतल्या त्या ६ लाखांत तो लाख होता. म्हणजे बापाच्या कमाईतला तो लाख आजोबांच्या खात्यातून पुढे आजी, काका आणि आत्याकडे जाणार, पोरांकडे नाही. हे सांगितल्यावर त्या बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

पाकिस्तानात १९६१ पासून अशा नातवंडांना बापाचा हिस्सा देणारं कलम आहे. इजिप्तने १९४६ मध्ये सक्तीच्या वसीयतीची, म्हणजे कायद्यानेच धरून चाललेल्या मृत्युपत्राची, तोड काढली. गोव्यातल्या मुसलमानांना तिथल्या समान नागरी कायद्यामुळे हा प्रश्नच येत नाही. महाराष्ट्रात आजोबांनी हयातीत स्वतः काही केलं तरच. आणि या आजोबांनी केलं होतं, म्हणून तर हे प्रकरण माझ्या डोक्यातून जात नाही.

त्यांनी घर दोन्ही नातवंडांना समान लिहून दिलं होतं आणि दुकानं धाकट्या मुलाला. खाली धाकट्याने “वरील मृत्युपत्र मला मान्य असून माझी हरकत नाही” असं लिहून सही केलेली. गावात सगळे म्हणाले, न्याय झाला.

वसीयतीला दोन कुंपणं आहेत. पहिलं, कर्ज आणि दफनखर्च जाऊन जे उरतं त्याच्या एक तृतीयांशापर्यंतच. तेही मृत्यूच्या दिवशीच्या किमतीवर, मृत्युपत्र लिहिलं त्या दिवशीच्या नाही. दुसरं, वारसाच्या नावे वसीयत करता येत नाही. दोन्ही कुंपणं बाकीच्या वारसांच्या संमतीने ओलांडता येतात, पण हनफी कायद्यात ती संमती मृत्यूनंतरची लागते. हयातीत कुणी वारसच नसतो, फक्त आशा असते. जे आपलं नाही त्यावर हरकत नाही म्हणण्याला अर्थ काय? शिया कुटुंब असतं तर आधीची संमतीही चालली असती.

नातवंडं वारस नाहीत, म्हणूनच त्यांना वसीयत चालते. ज्या नियमाने त्यांना दाराबाहेर ठेवलं, तोच नियम त्यांच्यासाठी ही खिडकी उघडी ठेवतो. पण खिडकीचं माप २४ लाख, आणि आजोबांनी तिच्यातून ४५ लाखांचं घर आत ढकललं. दुय्यम निबंधक हे तपासत नाहीत, ते त्यांचं कामही नाही. नोंदणीने एवढंच ठरतं की सही त्याच माणसाची आहे. मुस्लिम वसीयतीला तर नोंदणी, साक्षीदार, इतकंच काय, कागदही कायद्याने बंधनकारक नाही. पुराव्यासाठी हे सगळं करावंच, पण लोक शिक्का पाहून निर्धास्त होतात आणि दस्तलेखक मंडळी होऊ देतात.

काकाने मिळकत पत्रिकेवर नाव लावायला अर्ज दिला, त्यात वारस तीनच: आई, तो, बहीण. आपली जुनी सही बंधनकारक नाही हे त्याला कुणीतरी बरोबर सांगितलं होतं. मी एक फट शोधली. गुलाम अब्बास विरुद्ध हाजी कय्यूम अली या १९७२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की, भावी वारसाने मोबदला घेऊन हक्क सोडला असेल आणि त्यावर विसंबून मालक वागला असेल, तर वारसाला नंतर शब्द फिरवता येत नाही. “सहीच्या वेळी त्याला काही दिलं होतं का?” नव्हतं. कागदावर ठळक लिहिलं होतं: “स्वखुशीने, कोणताही मोबदला न घेता.” दस्तलेखकाला वाटलं, याने कागद भक्कम होतो.

आता हिशेब, कारण सगळी गंमत त्यातच आहे. घरातले २४ लाख नातवंडांचे, कुणाच्याही संमतीशिवाय. वरचे २१ लाख वारसांचे: आजीचे २.६२५, आत्याचे ६.१२५, काकाचे १२.२५. प्रत्येक वारसाची संमती फक्त त्याच्या स्वतःच्या हिश्श्यापुरती चालते. आजी आणि आत्या दोघींनी आजोबांच्या पश्चात लेखी संमती दिली, आणि एकदा दिलेली ही संमती मागे घेता येत नाही. त्यामुळे नातवंडांचे झाले ३२.७५ लाख, आणि घरात काकाचा सव्वासत्तावीस टक्के हिस्सा राहिला.

पण काका हे विसरला की तोही त्याच कागदातला लाभार्थी आहे. दुकानांची वसीयत वारसाच्या नावे, म्हणजे आई आणि बहिणीच्या संमतीशिवाय ती निष्फळ. आत्या म्हणाली, “त्याला अब्बांचं लिहिलेलं मान्य नाही ना? मग मलाही नाही.” आजीनेही संमती दिली नाही. दुकानं सामायिक झाली. दुकानं आणि कर्ज फिटून उरलेली रोकड मिळून २७ लाख. त्यात काकाचे बारापैकी सात भाग, १५.७५ लाख. घरातले १२.२५ धरून एकूण २८.

सगळ्यांनी सगळ्याला संमती दिली असती तर? पोरांना घर, काकाला २४ लाखांची दुकानं, आणि उरलेल्या ३ लाखांत १.७५. म्हणजे २५.७५ लाख. नकाराची कमाई सव्वादोन लाख! तेवढ्यासाठी ज्या दुकानाच्या गल्ल्यावर तो रोज बसतो त्यात आता बहीण आणि आई भागीदार आहेत. त्याच्या वकिलाने अर्ज देण्याआधी हा हिशेब एका कागदावर मांडला असता तर तो अर्ज गेलाच नसता, असं मला वाटतं. आणि काका काही खलनायक नव्हे. भावाच्या मुलांच्या शाळेची फी त्याने वर्षानुवर्षं भरली आहे. “ते मी माझ्या मनाने केलं, घर कायद्याने मागतोय,” असं तो म्हणाला. यात खोटं काय, ते मला अजून सांगता आलेलं नाही.

आजोबा जिवंत असताना माझ्याकडे आले असते तर मी वसीयतीआधी हिबा, म्हणजे हयातीतच दिलेलं दान, सुचवला असता. हिब्याला तृतीयांशाची मर्यादा नाही आणि वारसाचीही आडकाठी नाही. अडचण ताब्याची असते: दान, स्वीकार आणि ताबा तिन्ही लागतात, आणि त्याच घरात राहणाऱ्या म्हाताऱ्याने ताबा दिला हे सिद्ध करताना वकिलांचे केस पांढरे होतात. पण बाप नसलेल्या अज्ञान नातवंडांच्या मालमत्तेचा पालक आजोबाच असतो. पालकाने आपल्या पाल्याला दान दिलं तर ताबा हलवावा लागत नाही, जाहीर घोषणा आणि खरा हेतू पुरतो. राहत्या घराच्या अशा बक्षीसपत्राला महाराष्ट्रात मुद्रांक २०० रुपये. नातू, नात आणि मयत मुलाची बायकोसुद्धा त्या सवलतीत बसतात. हिब्याचा धोका इतकाच की घर त्याच दिवशी आपलं राहत नाही, आणि म्हातारी माणसं याला घाबरतात ते योग्यच आहे.

वसीयतच करायची तर मालमत्तेचं नाव लिहून थांबू नये. “घरातील माझ्या निव्वळ मिळकतीच्या एक तृतीयांश किमतीइतका हिस्सा, इतर वारसांनी माझ्या पश्चात संमती दिल्यास संपूर्ण घर” असं एक वाक्य पुरलं असतं. दुसरं वाक्य पालकाचं. मुस्लिम कायद्यात आई मुलांच्या मालमत्तेची पालक आपोआप होत नाही. आजोबा मृत्युपत्राने तिला नेमू शकतात. इथे तसं लिहिलंच नव्हतं, म्हणून काकाशी वाटणीचा साधा करार करायलाही त्या बाईंना जिल्हा न्यायालयात १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली अर्ज करावा लागला. तारखा सुरू आहेत.

मागच्या महिन्यात आजी आल्या. त्यांना त्यांची वसीयत करायची होती, सगळा तिसरा हिस्सा नातवंडांना. मी म्हणालो, अर्धा सुनेच्या नावे करा. त्या रागावल्या, सून परकी, पोरं रक्ताची. मी समजावलं: वारस कोण हे तुमच्या मृत्यूच्या दिवशी ठरतं. धाकटा तुमच्या आधी गेला, तर हीच पोरं तुमची वारस होतील, आणि वारस झाली की त्यांच्या नावची वसीयत पुन्हा इतरांच्या संमतीवर येईल. सून कधीच वारस होणार नाही, तिचं टिकेल.

त्यांनी पदर सावरला आणि विचारलं, “म्हणजे धाकटा जगला तर पोरांना वसीयतीतून, आणि गेला तर वारसाने?”

हो म्हणालो. “मग त्याच्या मरणाचं कागदात लिहायचं नाही,” म्हणाल्या. लिहिलं नाही. सुनेचं नाव मात्र घातलं.