तारीख ठरवण्याआधीचा मेल

पुतण्याचं लग्न जमलं तेव्हा घरातला थोरला म्हणून पहिला मेल लिहायचं काम माझ्याकडे आलं. भावाने सरळ हात वर केले. “दादा, तुझी भाषा बरी आहे, तूच लिही.” मला वाटलं, दहा मिनिटांचं काम. प्रत्यक्षात दोन संध्याकाळी गेल्या.

अडलो तो मायन्यापाशीच. मुलीचे वडील माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान. ‘आदरणीय’ लिहावं तर त्यांनाच अवघडल्यासारखं होणार, ‘प्रिय’ लिहावं तर तेवढी सलगी अजून नाही. शेवटी त्यांच्या नावापुढे ‘राव’ लावलं, त्यांच्या पत्नीचंही नाव त्याच ओळीत घेतलं आणि खाली ‘सप्रेम नमस्कार’. त्यांच्या घरी आजोबा आहेत. ते मेल बघत नाहीत, पण त्यांना वाचून दाखवतील हे नक्की. म्हणून पहिल्याच परिच्छेदात ‘ती. स्व. आजोबांना माझा साष्टांग नमस्कार सांगावा’ असं घातलं. त्या एका ओळीचा किती उपयोग झाला ते पुढे कळलं.

मग मुख्य मजकूर. माझा पहिला खर्डा असा होता: ‘साखरपुडा पुढच्या महिन्यात करावा असे आम्ही ठरवले आहे. त्यासाठी रविवार दि. ७ रोजी आपण सर्वांनी आमच्याकडे यावे.’ वहिनीने वाचलं आणि म्हणाली, “भाऊजी, हे आमंत्रण झालं. बोलणी कुठे राहिली मग?” बरोबर होतं तिचं. तारीख एकत्र बसून ठरवायची म्हणतोय आणि महिना मीच ठरवून बसलोय! शिवाय कॅलेंडर काढलं तर ७ तारखेला शनिवार निघाला. असा मेल गेला असता तर ते शनिवार धरून बसले असते आणि आम्ही रविवार.

दुसऱ्या खर्ड्याआधी पुतण्याला विचारलं, त्यांच्याकडे कुणाची काही अडचण आहे का. त्याने तिला फोन लावला. महिन्याच्या शेवटी तिच्या भावाची परीक्षा होती. ते दिवस मी गुपचूप वगळले. मेलमध्ये मात्र त्याचा उल्लेख केला नाही. आपल्या घरातल्या गोष्टी समोरच्यांना मुलांकडून आधीच कळल्यात, हे थोरल्यांना फारसं रुचत नाही.

शेवटी जे गेलं त्यातला मधला भाग असा:

‘मुलांनी एकमेकांना पसंत केले, आपणही आम्हाला आपलेसे केले, याचा घरात सगळ्यांनाच आनंद आहे. साखरपुड्याची तारीख दोन्ही घरांनी एकत्र बसून ठरवावी असे मनात आहे. त्यासाठी रविवार दि. ८ किंवा शनिवार दि. १४, सकाळी अकराच्या सुमारास भेटता येईल का? दोन्ही दिवस गैरसोयीचे असतील तर आपण सुचवाल तो दिवस आम्ही जमवू. भेट आमच्याकडे व्हावी की आपल्याकडे, तेही आपण सांगावे. आमच्याकडून आम्ही सहाजण असू.’

माणसांचा आकडा घालावा असा माझा आग्रह होता. तो नसला की समोरचे विचारत नाहीत, नुसता अंदाज बांधत बसतात. देण्याघेण्याचा, हॉलचा, पाहुण्यांच्या यादीचा विषय काढलाच नाही; एकदा लिहून गेलं की ती अट वाटते. विषयाच्या जागी ‘साखरपुड्याची तारीख ठरवण्यासाठी भेट’ एवढंच लिहिलं. भाऊ-वहिनीला प्रत ठेवली, मुलांना नाही. त्यांनी खर्डा वाचला होता, तेवढं पुरे. शेवटी माझा फोन नंबर आणि ‘आपला स्नेहांकित’.

मेल गेल्यावर त्यांना फोन करून सांगितलं, “पाठवलंय, सवडीने वाचा. घाई काही नाही.” घाई नाही असं म्हटलं खरं, पण दुसरा दिवस गेला, तिसरा गेला, उत्तर नाही. भाऊ चिडचिड करू लागला. “पुन्हा फोन कर.” मी केला नाही. आपणच सवडीने म्हणालो होतो. पण मनात मीही तो मेल चारदा उघडून वाचला, कुठे काही खटकण्यासारखं तर नाही ना म्हणून.

चौथ्या दिवशी फोन आला, वडिलांचा नव्हे, आजोबांचा. “अहो, तुमचा नमस्कार पोचला. मला जिने चढवत नाहीत, म्हणून हे लोक तीन दिवस विचार करत बसलेत की तुम्हाला इकडे या म्हणायचं कसं. तुम्हीच लिहिलंय ना, कुठे ते सांगा? मग मी सांगतो. इकडे या. चौदाला.”

त्या रात्री मी दोन ओळींचा मेल पाठवला: ‘शनिवार दि. १४, सकाळी अकरा, आपल्या घरी. आम्ही सहाजण येत आहोत.’ वार पुन्हा एकदा कॅलेंडरवर बघून घेतला.